टॉवेल कारखान्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप: जाहिरात लिहिण्याआधी काय काय ठरवावं लागतं

सोलापुरातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळा जवळ आला की एका साच्याच्या नोटिसा फिरू लागतात. ‘नामांकित कंपनीत इंटर्न पाहिजेत. कालावधी ३ ते ६ महिने. स्टायपेंड कामगिरीनुसार. होतकरू विद्यार्थ्यांनी त्वरित संपर्क साधावा.’ मोहोळहून रोज एसटीने येणारी मुलगी ही नोटीस वाचते तेव्हा तिला चार गोष्टी हव्या असतात: काम काय, किती दिवस, पैसे किती आणि निवड कशी होणार. नोटिशीत यातलं एकही उत्तर नसतं. मग ती फोन करत नाही. जे फोन करतात त्यांतले बरेच दुसऱ्या आठवड्यात यायचे थांबतात आणि मालक म्हणतो, आजकालच्या पोरांना कामच नको.

माझ्या मते दोष मुलांचा नाही. काम काय आहे हे मालकानेच ठरवलेलं नसतं, त्यामुळे नोटिशीत तरी ते येणार कुठून? प्रोजेक्टवर आधारलेली इंटर्नशिप म्हणजे एक ठरावीक प्रश्न, त्याला लागणारे ठरावीक तास आणि शेवटी हातात पडणारी एक ठरावीक वस्तू. प्रश्न ठरला की कालावधी त्यातून निघतो, कालावधीतून स्टायपेंड निघतो आणि निवड कशी करायची हेही तोच प्रश्न सांगतो. हा क्रम एका उदाहरणावर चालवून दाखवतो.

आधी प्रश्न

उदाहरणासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक कारखाना धरू. चोवीस माग, रंगीत सुताचे जॅकार्ड टॉवेल. त्यांतल्या आठ मागांवर एकाच मालाची ऑर्डर चालू आहे: ३० बाय ६० इंच, ४०० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. ३० बाय ६० इंचाचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर होतं, म्हणजे एक टॉवेल साधारण ४६४ ग्रॅमचा भरायला हवा. मालकाने गठ्ठे वजनावर टाकले तर सरासरी ४७८ निघाली. ग्राहक पैसे ४०० जीएसएमचेच देणार. वरचं सूत फुकट चाललंय.

टॉवेलमागे १४ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. या आठ मागांवर दिवसाला २५० टॉवेल निघतात असं धरलं तर रोज साडेतीन किलो सूत, महिन्याच्या २५ दिवसांत ८७ किलो. किलोचा भाव २५० रुपये धरला तरी महिन्याला २१ हजारांच्या वर. आपल्या सुताचा खरा भाव मालकाने स्वतः घालून पाहावा.

वजन का वाढतं, याची कारणं चार-पाचच आहेत. टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात. एकावरून कापडाची जमीन विणली जाते, दुसऱ्यावरून लूप. लूपच्या बीमचा ताण ढिला झाला की लूप उंच येतात आणि सूत जास्त लागतं. इंचाला बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे ठरल्यापेक्षा जास्त पडत असतील तरी वजन वाढतं. सूत ठरलेल्या नंबरापेक्षा जाड आलं असेल तर तेही एक कारण. आणि सगळ्यात साधं, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित कारण: टॉवेल लांबीलाच जास्त निघतोय. ६०च्या जागी ६२ इंच लांबी आली तर वजन तीन टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं, म्हणजे १५ ग्रॅम. आपला सगळा फरक तेवढ्यातच संपला! ज्याने फक्त वजन केलं तो लूपला दोष देऊन मोकळा होईल, आणि माग दुरुस्त करणारा जॉबर आठवडाभर नको त्या ठिकाणी पाना फिरवत बसेल.

म्हणून प्रश्न असा लिहायचा: ‘या आठ मागांपैकी कोणत्या मागावर टॉवेल किती जड निघतो, आणि त्यातलं किती लांबी-रुंदीमुळे व किती इतर कारणांमुळे?’ याचं उत्तर मिळवायला रोज कुणीतरी शांतपणे मोजत बसावं लागतं. जॉबरला तेवढा वेळ नाही, सुपरवायझरला नाही, मालकाला तर नाहीच. बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या किंवा टेक्स्टाइल डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला मात्र हे पेलण्यासारखं काम आहे आणि त्यात शिकण्यासारखंही बरंच आहे.

इथे एक कसोटी लावून पाहावी. विद्यार्थी आला नाही तर हे काम करायला उद्याच एखादा माणूस पगारावर ठेवावा लागेल का? उत्तर ‘हो’ असेल, म्हणजे काम बिलं टाइप करण्याचं, गठ्ठे मोजण्याचं किंवा काउंटर सांभाळण्याचं असेल, तर ती नोकरी आहे. तिला इंटर्नशिप म्हणू नये, पगार द्यावा.

किती तास, कोणते दिवस

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना इंटर्नशिपचे क्रेडिट मिळतात. यूजीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांत चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप सांगितली आहे आणि एक क्रेडिट म्हणजे ३० तास असा हिशोब आहे. म्हणजे १२० तास भरले तर चार क्रेडिट. ‘तीन ते सहा महिने’ असं लिहिणाऱ्या मालकाला हा आकडा माहीतच नसतो. विद्यार्थ्याला महिने मोजायचे नसतात, त्याला तास भरायचे असतात. इंजिनिअरिंगची गणितं वेगळी आहेत, त्यांना पदवीभरात याहून कितीतरी जास्त तास लागतात. म्हणून नोटीस काढण्याआधी कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला एक फोन करून त्या अभ्यासक्रमाला किती तास लागतात, कोणता फॉर्म भरून द्यावा लागतो, हे विचारून घ्यावं.

आपलं काम १२० तासांत बसतं: रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. परीक्षा संपल्यावर १८ मे ते २६ जून असे दिवस धरू. वेळ सकाळी आठ ते बारा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीस ओलांडतो आणि पत्र्याखालच्या शेडमध्ये दुपारी कसं असतं, हे तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. मोजमापाला डोकं शांत लागतं, म्हणून सकाळच. हिवाळ्यात इंटर्नशिप ठेवायची झाली तर संक्रांतीच्या आठवड्यात सुरुवात करू नका. गड्ड्याच्या यात्रेत ना विद्यार्थी जागेवर असतो ना कामगार.

या तारखांत एक अडचण लपलेली आहे आणि ती कारखान्याच्या माणसाने आधीच सांगायला हवी. सुती कापड हवेतलं पाणी धरतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण आठ टक्के पाणी धरतं; मेच्या कोरड्या हवेत बरंच कमी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि टॉवेलने आणखी दोनच टक्के पाणी धरलं, तरी वजन नऊ ग्रॅमनी वाढलं. आपण शोधतोय चौदा ग्रॅमचा फरक! पावसाआधी चार माग मोजले आणि पावसानंतर उरलेले चार, तर नंतरचे चारही माग उगाच दोषी ठरतील.

उपाय सोपा आहे. एक टॉवेल ‘साक्षीदार’ म्हणून बाजूला काढायचा. तो मोजमापाच्या टेबलाजवळ उघडा टांगलेला राहील. रोज काम सुरू करताना आणि संपवताना त्याचं वजन करायचं. पहिल्या दिवशी तो ४६४ भरला आणि पावसानंतर ४७२ भरला, तर त्या दिवशीचं प्रत्येक वजन ४६४ने गुणून ४७२ने भागायचं. शिवाय आठही मागांचे टॉवेल रोज मोजायचे, एक दिवस हे आणि एक दिवस ते असं करायचं नाही. मागावरून आलेला माल मोजण्याआधी तासभर त्याच खोलीत उघडा ठेवला की तुलना बरोबरीची होते.

सहा आठवड्यांत काय काय करायचं

पहिला आठवडा मोजायचं नाहीच. माग कसा चालतो, लूप कसा पडतो, कापणी आणि शिलाई कुठे होते, खात्यात कोण कोणाला काय म्हणतं, हे पाहायचं. याच आठवड्यात सुरक्षा. ओढणी, सैल बाही, मोकळे केस मागाजवळ चालत नाहीत; कानात इअरप्लग हवेत; धोट्याच्या मागाजवळ, धोटा सुटून बाहेर येऊ शकतो अशा रेषेत, उभं राहायचं नाही. आणि एक नियम लेखी द्यायचा: इंटर्न कोणताही माग चालवणार नाही, चालू मागात हात घालणार नाही. वय १८ पूर्ण असावं. वैयक्तिक अपघात विमा काढावा. कॉलेजने विद्यार्थ्यांसाठी आधीच घेतलेला असेल तर तो कारखान्यातल्या कामाला लागू पडतो का, हे लेखी विचारावं.

दुसरा, तिसरा, चौथा आठवडा मोजमाप. प्रत्येक मागावरचे रोज पाच टॉवेल, कापून शिवून झाल्यावर. म्हणजे रोज चाळीस टॉवेल. लांबी, रुंदी, वजन मिळून एकाला दोन मिनिटं लागतात असं धरलं तर दीड तासाच्या आत काम होतं. पंधरा दिवसांत ६०० टॉवेलांची नोंद जमते. कापणीला माल एकत्र होतो, तेव्हा माग नंबर हरवू नये म्हणून टॉवेल मागावरून उतरतानाच कडेला खडूने नंबर घालायचा. वजनकाटा एक ग्रॅम दाखवणारा हवा. पाच-पाच ग्रॅमनी पुढे सरकणाऱ्या काट्यावर हे काम करू नये. उरलेल्या वेळात नोंदी एक्सेलमध्ये चढवायच्या आणि ज्या मागाचा आकडा जास्त येतोय त्यावर इंचाला बाण्याचे किती धागे पडतात, ते भिंगाखाली मोजायचं.

पाचव्या आठवड्यात हिशोब लावायचा आणि जॉबरसोबत बसून दोन मागांवर दुरुस्ती करून पाहायची. समजा माग क्रमांक ५वर लांबी सरासरी ६१.८ इंच निघाली, तर आधी लांबी नीट करा, मग वजन बघा. माग ३वर लांबी बरोबर ६० आहे तरी वजन ४८० आहे, तर तिथे लूपच्या बीमचा ताण किंवा बाण्याचे धागे तपासायला हवेत. दुरुस्तीनंतर दोन्ही मागांवरचे आणखी पन्नास-पन्नास टॉवेल मोजले की फरक पडला की नाही ते कळतं.

सहाव्या आठवड्यात हातात द्यायच्या वस्तू तीन: एक्सेलची फाइल, मालकासाठी चार पानांचा मराठी अहवाल, आणि जॉबरच्या भिंतीवर लावायला एक पानी तक्ता. तक्ता मराठी आणि तेलुगू दोन्हींत असावा. आपल्याकडच्या मागांवर तेलुगू बोलणारी किती माणसं आहेत, ते सोलापूरकराला माहीत आहे.

माझा सल्ला, एकाऐवजी दोन विद्यार्थी घ्या. एक मोजतो, दुसरा लिहितो, आणि मध्ये जागा बदलतात. चुका लगेच कळतात. शिवाय घरच्यांनाही मुलीला एमआयडीसीत एकटी पाठवण्यापेक्षा मैत्रिणीसोबत पाठवणं सोपं जातं.

पैसे

‘कामगिरीनुसार’ हा शब्द नोटिशीतून काढून टाका. जिच्या घरी महिन्याचा खर्च मोजून मापून होतो, ती मुलगी या शब्दाचा अर्थ ‘मिळतीलच असं नाही’ असाच घेते आणि बहुतेक वेळा तो अर्थ बरोबर निघतो.

आकडा असा काढा. गावाहून स्टँडपर्यंत एसटी, तिथून अक्कलकोट रोडपर्यंत बस किंवा शेअर रिक्षा, असा दिवसाचा १०० रुपये खर्च धरला तर तीस दिवसांचे ३,००० प्रवासातच गेले. त्यावर तिच्या हातात काही राहिलं पाहिजे. सहा आठवड्यांचे ९,००० ठरवले तर दिवसाला ३०० पडतात, प्रवास वजा जाता २००. दोघांचे मिळून १८,०००. फुकट जाणाऱ्या सुतातलं निम्मं जरी वाचलं तरी दोन महिन्यांत हे पैसे वसूल होतात. म्हणून या कामात स्टायपेंड देणं म्हणजे उपकार नाही, खर्चात धरायची बाब आहे.

देण्याची रीतही लिहा. पहिल्या दिवशी १,०००, कारण पहिला पंधरवडा तिने पदरचे पैसे घालून यावं अशी अपेक्षा बरोबर नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी २,०००, चौथ्याच्या शेवटी ३,०००, सहाव्याच्या शेवटी ३,०००. सगळे तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर. मध्येच सोडलं तर आलेल्या दिवसांचे ३०० रुपयांप्रमाणे. शेवटचा हप्ता अहवालात काय निघालं यावर अवलंबून नसावा. आठही मागांवर टॉवेल बरोबर वजनाचे आहेत आणि मालकाचा गठ्ठ्याचा काटाच चुकीचा दाखवतोय, असंही उत्तर येऊ शकतं. तेही उत्तरच आहे.

एक गैरसमज मालकांमध्ये फार आहे: ‘सरकार पैसे देतंच की इंटर्नला.’ दोन योजनांची नावं घेतली जातात. २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये ठरले होते, पण ती देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांसाठी होती आणि पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना तिच्यात जागा नव्हती. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच वर्षी आली. त्यात बारावी पासला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना जाहीर झाले, पण तिथेही शिकत असलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश नाही. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा स्टायपेंड कारखान्याच्याच खिशातून जायचा. तसंच इंटर्नला ‘अप्रेंटिस’ म्हणून नेमू नका. अप्रेंटिसशिपला १९६१चा स्वतंत्र कायदा आहे, तिचा करार नोंदवावा लागतो आणि किमान स्टायपेंड सरकारने ठरवलेला असतो.

विद्यार्थ्यांसाठी सांगायचं तर, इंटर्नशिप देणारा नोंदणी फी, डिपॉझिट किंवा मूळ मार्कशीट मागत असेल तर तिथून उठून यावं.

निवड

मार्कांची टक्केवारी आणि सफाईदार इंग्रजी पाहून या कामासाठी माणूस निवडला तर निवड चुकणार. इथे हवा तो धीर, नीट नोंद ठेवण्याची सवय आणि आकडा विचित्र दिसला की थांबून विचारण्याची वृत्ती. हे रेझ्युमेत दिसत नाही, म्हणून निवड चार टप्प्यांत करायची.

पहिला टप्पा अर्जाचा. मराठी किंवा इंग्रजीत सात-आठ ओळी: काय शिकताय, कुठून येणार, सहा आठवडे सकाळी मोकळे आहात का, आणि याआधी कधी एखादी गोष्ट मोजून किंवा नोंदवून ठेवली आहे का. घरच्या दुधाचा हिशोब ठेवला असेल तरी तो चालतो.

दुसरा टप्पा छोट्या कामाचा. हाच सगळ्यात महत्त्वाचा. दहा टॉवेलांची लांबी आणि वजन असलेला एक तक्ता सगळ्यांना पाठवायचा आणि सांगायचं, यावरून टॉवेल जड आहेत का ते पाच ओळींत लिहा. तक्त्यात मुद्दाम दोन चुका ठेवायच्या. चौथ्या ओळीत लांबी १५४ आहे, बाकी सगळीकडे ६० ते ६२. सातव्या ओळीत वजन ६४८ आहे, बाकी सगळीकडे ४६० ते ४८०. आता पाहा. जो दोन्ही आकडे तसेच घेऊन सरासरी काढतो, त्याचं लक्ष नाही. जो दोन्ही ओळी गुपचूप खोडून टाकतो, त्याचं लक्ष आहे, पण नोंदवहीत तो असंच करेल याची भीती आहे. चांगला उमेदवार लिहितो की १५४ हे सेंटिमीटर असावेत, इंचात साडेसाठ होतात, म्हणून मी तसं धरलं. ६४८ हे ४६८चे आकडे उलटे झाले असावेत, पण नक्की सांगता येत नाही, तो टॉवेल पुन्हा वजन करावा लागेल. एक चूक तर्काने सुधारता येते, दुसरी फक्त पुन्हा मोजूनच. हा फरक ज्याला कळला त्याला काम कळलं.

हे काम पाऊण तासाच्या आतलं असावं आणि कारखान्याच्या खऱ्या गरजेचं नसावं. निवडीच्या नावाखाली तीस मुलांकडून खरं काम फुकट करून घेणं हा अप्रामाणिकपणा आहे, आणि मुलांना तो कळतो.

तिसऱ्या टप्प्यात पाच-सहा जणांना तासभर कारखान्यात बोलवा. आवाज, उकाडा, सुताची धूळ प्रत्यक्ष पाहू द्या. दमा असेल, आवाजाचा त्रास होत असेल तर ते त्याच दिवशी कळलेलं दोघांच्याही हिताचं. ज्या जॉबरसोबत काम करायचंय त्याच्याशी दहा मिनिटं बोलू द्या आणि नंतर जॉबरचंही मत घ्या. चौथा टप्पा पत्राचा: निवडलेल्या दोघांना आणि कॉलेजला लेखी पत्र, आणि न निवडलेल्या प्रत्येकाला एक ओळीचं उत्तर. पुढच्या वर्षी नोटीस त्याच ग्रुपवर जाणार आहे.

नोटीस

एवढं ठरल्यावर नोटीस लिहायला दहा मिनिटं लागतात:

> इंटर्नशिप: टॉवेलच्या वजनातला फरक शोधणे
> ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. जागा: २.
> कोणासाठी: पदवीचं दुसरं वर्ष पूर्ण केलेले (संख्याशास्त्र, वाणिज्य, विज्ञान) किंवा टेक्स्टाइल डिप्लोमाचे विद्यार्थी. वय १८ पूर्ण.
> कालावधी: १८ मे ते २६ जून, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२. एकूण १२० तास. क्रेडिटसाठी लागणारा फॉर्म आणि हजेरी भरून मिळेल.
> काम: आठ मागांवरच्या टॉवेलांची रोज लांबी, रुंदी, वजन मोजणे, एक्सेलमध्ये नोंद, कारण शोधणे, जॉबरसोबत दोन मागांवर दुरुस्ती करून पाहणे, चार पानी अहवाल आणि एक पानी तक्ता. माग चालवायचा नाही.
> स्टायपेंड: प्रत्येकी ९,००० रुपये, चार हप्त्यांत, बँक खात्यावर. पहिला हप्ता पहिल्या दिवशी.
> मार्गदर्शन: खात्यातले जॉबर रोज; मालक दर शुक्रवारी अर्धा तास.
> निवड: ३० एप्रिलपर्यंत सात-आठ ओळींचा अर्ज, ४ मे रोजी पाऊण तासाचं घरी करायचं काम, ९ मे रोजी कारखान्यात भेट, १२ मे रोजी निकाल, सर्वांना कळवला जाईल.
> कोणतीही फी नाही.

‘मालक दर शुक्रवारी अर्धा तास’ ही ओळ सजावटीसाठी नाही. तो अर्धा तास देणं शक्य नसेल तर इंटर्नशिप ठेवू नये.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

सगळ्यात आधी बिघडतं ते खात्यात. दोन मुलं वही घेऊन मागामागून टॉवेल उचलू लागली की कामगार आपसात विचारतात, ‘ही पोरं कुणाचे पैसे कापायला आलीत?’ त्यांची भीती खोटी नाही, कारण माग नंबरावरून तिथे कोण उभं होतं ते कळतंच. मग खडूचा नंबर पुसला जातो, किंवा मोजायला नेमके चांगले टॉवेल पुढे सरकवले जातात. पहिल्याच दिवशी मालकाने स्वतः खात्यात उभं राहून, मराठीत आणि तेलुगूत, सांगावं की या नोंदीवरून कुणाचीही मजुरी कापली जाणार नाही. आणि तो शब्द पाळावा. कोणते पाच टॉवेल मोजायचे ते इंटर्नने ठरवावं, दुसऱ्या कुणी नाही.

दुसरं बिघडतं ते वहीत. एक ग्रॅमच्या काट्यावर केलेल्या वजनांचे शेवटचे आकडे शून्यापासून नऊपर्यंत साधारण सारखे विखुरलेले दिसतात. वहीत ४६५, ४७०, ४७५, ४८० असेच आकडे ओळीने दिसू लागले तर मोजणारा अंदाजे लिहितोय किंवा काटा बदललाय. शुक्रवारच्या बैठकीत एक पान उघडून शेवटचे आकडे पाहायला दोन मिनिटं लागतात. असं दिसलं तर ओरडू नका, त्याच दिवसाचे पाच टॉवेल समोर पुन्हा वजन करून घ्या.

तिसरं बिघडतं ते मालकाकडून. तिसऱ्या आठवड्यात अकाउंटंट रजेवर जातो आणि इंटर्नला ‘दोन दिवस जरा बिलं बघ’ म्हणून ऑफिसात बसवलं जातं. दोन दिवसांचा आठवडा होतो, आणि नेमका तोच आठवडा पावसाच्या तोंडावरचा असतो. नोंदीत पाच दिवसांची भोकं पडली की आधीचे आणि नंतरचे आकडे जोडणं अवघड जातं. हजेरीच्या तक्त्यात ‘आज काय काम केलं’ असा एक रकाना ठेवा. त्यात मोजमाप सोडून दुसरं काही दोनदा दिसलं की कॉलेजच्या मार्गदर्शक शिक्षकाने फोन करावा, असं पत्रातच लिहून ठेवलं तर बरं.

अहवाल कोणाचा, हेही आधीच बोलून घ्या. विद्यार्थिनीला तो कॉलेजात दाखवायचा असतो, पुढे नोकरीच्या मुलाखतीत दाखवायचा असतो. मालकाला ग्राहकाचं नाव, डिझाइन आणि भाव बाहेर जायला नको असतात. दोन्ही जमतं: ग्राहकाच्या जागी ‘ग्राहक अ’, डिझाइनचे फोटो नाहीत, रुपयांच्या जागी टक्के, मोजमाप आणि पद्धत मात्र पूर्ण. हे दोन ओळींत नेमणूकपत्रात घालावं, नाहीतर शेवटच्या दिवशी अहवाल कपाटात बंद होतो आणि तिच्या हातात फक्त प्रमाणपत्र राहतं.

आणि प्रमाणपत्रावर ‘समाधानकारक काम केले’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘१२० तास, आठ मागांवरील सुमारे ६०० टॉवेलांची लांबी, रुंदी, वजन यांची नोंद, हवेतल्या ओलाव्याची दुरुस्ती करून विश्लेषण, दोन मागांवर दुरुस्तीनंतरची तुलना.’ खाली सही जॉबरची आणि मालकाची, दोघांचीही.